कार्पेट, सेलेबल आणि उणे चिन्ह : घोडबंदर रोडवरील फ्लॅटच्या किमतींचे एक प्रकरण

ठाण्यातील पाचपाखाडी भागात मालमत्ता मूल्यांकनाचे काम करणारे एक छोटे कार्यालय आहे. गृहकर्ज देण्यापूर्वी बँका ज्यांच्याकडून फ्लॅटचे मूल्य ठरवून घेतात, तशा मूल्यांकनकारांचे. त्यांची पद्धत तुलनेची आहे. ज्या फ्लॅटचे मूल्य काढायचे, त्याच्या आसपास अलीकडे विकले गेलेले तीन-चार फ्लॅट घ्यायचे आणि क्षेत्रफळ, इमारतीचे वय, स्टेशनपासूनचे अंतर यांतील फरकांसाठी त्यांच्या किमतीत वाढ-घट करायची. ही वाढ-घट आजवर अनुभवावर चालत होती. ती आकडेवारीवर बसवावी, या हेतूने कार्यालयाने मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ आणि कासारवडवली येथील ९० पुनर्विक्री व्यवहार गोळा केले, किमतीवर अनेक घटकांचा प्रत्येकी किती परिणाम होतो हे एकत्र मोजणारे मल्टिपल रिग्रेशन त्यांवर चालवले, आणि आलेले उत्तर घेऊन कार्यालयाच्या प्रमुख मॅडम माझ्याकडे आल्या. या लेखातील आकडे प्रकरणाचा गाभा समजावा म्हणून बेतलेले आणि पूर्णांकांच्या जवळ आणलेले आहेत. ते ठाण्याचा बाजारभाव म्हणून कोणी वापरू नयेत.

किंमत स्पष्ट करण्यासाठी त्यांनी पाच घटक घेतले होते : कार्पेट एरिया, सेलेबल एरिया, बेडरूमची संख्या, इमारतीचे वय आणि ठाणे स्टेशनपासूनचे रस्त्याचे अंतर. कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्रफळ, तर सेलेबल म्हणजे त्यात जिना, लॉबी अशा सामाईक जागांचा वाटा धरून सांगितलेले क्षेत्रफळ. क्षेत्रफळाचे दोन आकडे का, याचे कारण आपल्याकडच्या व्यवहारात आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पातील विक्रीसाठी कार्पेट हाच आधार ठरवला आणि १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. तरी पुनर्विक्रीत दलाल अजूनही सेलेबलमध्ये बोलतात आणि जुन्या करारनाम्यांत कधी हा, कधी तो आकडा सापडतो. दोन्ही हाताशी आहेत तर दोन्ही घालावेत, असा साधा विचार त्यामागे होता.

निकाल वरवर पाहता उत्तम होता. किमतीतील चढ-उतारांपैकी ९१ टक्के भाग मॉडेल स्पष्ट करत होते आणि अंदाजातील सर्वसाधारण चूक सुमारे ९ लाख रुपये होती. एक कोटीच्या घरातील फ्लॅटसाठी ती स्वीकारण्याजोगी आहे. वयाचा आणि अंतराचा सहगुणक, म्हणजे बाकीचे घटक तेच ठेवून तो घटक एकने वाढल्यास किमतीत होणारा बदल, अपेक्षेप्रमाणे उणे होता. अडचण क्षेत्रफळात होती. कार्पेटचा सहगुणक दर चौरस फुटाला २१,४०० रुपये आला होता, तो त्या भागासाठी जास्त वाटत होता. आणि सेलेबलचा सहगुणक चक्क उणे ३,१०० रुपये होता. मॅडमचा प्रश्न सरळ होता : “सर, सेलेबल एक फूट वाढला की किंमत तीन हजारांनी उतरते, हे मी बँकेला कसं सांगू?”

चिन्हाआधी अनिश्चिततेकडे पाहणे

सहगुणकाचे चिन्ह विचित्र आले की पुष्कळ जण लगेच तो घटक काढून टाकतात. त्यापूर्वी सहगुणकाशेजारी छापलेली प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या आकड्यातील अनिश्चिततेचे माप, वाचावी. सेलेबलच्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी सुमारे १,८९० रुपये होती. त्यामुळे ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे ६,८६० पासून अधिक ६६० पर्यंत जात होता. कार्पेटचा अंतराल १५,४६० ते २७,३४० रुपये इतका रुंद होता. म्हणजे “सेलेबल वाढला की किंमत घटते” असे मॉडेल ठामपणे म्हणतच नव्हते. या दोन क्षेत्रफळांपैकी कोणाचा वाटा किती, हे आपल्याला नीट सांगता येत नाही, एवढेच ते सांगत होते. एकूण मॉडेल इतके चांगले आणि त्यातील मुख्य घटकाचा अंतराल इतका ढिला, ही विसंगती मल्टिकोलिनिॲरिटीची, म्हणजे मॉडेलमधले घटक एकमेकांशी घट्ट बांधलेले असण्याची, ओळखीची खूण आहे.

दुसरी खूण आम्ही मुद्दाम तपासली. कासारवडवलीच्या एका नव्या संकुलातील सहा व्यवहार बाजूला ठेवून मॉडेल पुन्हा चालवले. या संकुलात लोडिंग, म्हणजे कार्पेटवर सेलेबलसाठी चढवलेली टक्केवारी, फार जास्त होती; ६१० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट तिथे ९६० सेलेबल म्हणून विकला गेला होता. ९० पैकी केवळ सहा नोंदी काढल्यावर सेलेबलचा सहगुणक उणे ३,१०० वरून उणे ४०० वर आला आणि कार्पेटचा २१,४०० वरून १७,५०० वर उतरला. तरीही सामान्य प्रमाणातल्या फ्लॅटची अंदाजित किंमत एक लाखानेही बदलली नाही.

ही गोष्ट क्षणभर थांबून पाहण्यासारखी आहे. या नोंदींत सेलेबल सरासरी कार्पेटच्या १.४२ पट आहे. कार्पेट एक फूट वाढला आणि त्याच प्रमाणात सेलेबल १.४२ फूट वाढला, तर पहिल्या मॉडेलप्रमाणे किंमत २१,४०० वजा १.४२ गुणिले ३,१००, म्हणजे जवळजवळ १७,००० रुपयांनी वाढते. दुसऱ्या मॉडेलप्रमाणे १७,५०० वजा १.४२ गुणिले ४००, म्हणजे १६,९३० रुपयांनी. बेरीज जागची हलत नाही. फक्त तिची वाटणी दोन सहगुणकांत इकडून तिकडे सरकते. अरुंद कठड्यावर लांबीने टाकलेली फळी जशी कठड्याच्या दिशेने पक्की असते आणि आडव्या दिशेने बोटानेही कलते, तसे हे आहे. सगळे फ्लॅट एका अरुंद पट्ट्यात जमलेले आहेत. त्या पट्ट्याच्या दिशेने आपल्याला खूप माहिती आहे, पट्ट्याच्या आडव्या दिशेने फार थोडी.

व्हीआयएफ काढणे

व्हीआयएफ, म्हणजे व्हेरिअन्स इन्फ्लेशन फॅक्टर, या आडव्या दिशेतील तुटवड्याला आकडा देतो. पद्धत अशी : किंमत पूर्ण बाजूला ठेवायची, एक स्वतंत्र घटक उचलायचा आणि उरलेल्या सर्व घटकांवर त्याचेच रिग्रेशन करायचे. त्या दुय्यम रिग्रेशनचा R² मिळाला की

```
VIF = 1 / (1 - R²)
```

सेलेबल एरियाचे कार्पेट, बेडरूम, वय आणि अंतर यांवर रिग्रेशन केले तेव्हा R² ०.९४७ आला. म्हणजे सेलेबलमधील चढ-उतारांपैकी फक्त ५.३ टक्के भाग त्याचा स्वतःचा, इतरांकडून न कळणारा होता. १ भागिले ०.०५३ केले की व्हीआयएफ सुमारे १९ येतो. पाचही घटकांचे व्हीआयएफ असे होते :

| घटक | व्हीआयएफ |
|---|---|
| कार्पेट एरिया | २२ |
| सेलेबल एरिया | १९ |
| बेडरूम | ४.५ |
| इमारतीचे वय | १.४ |
| स्टेशनपासून अंतर | १.२ |

या आकड्याचा अर्थ वर्गमुळातून लागतो. २२ चे वर्गमूळ ४.७, म्हणजे कार्पेट इतर घटकांशी मुळीच निगडित नसता आणि बाकी सर्व काही तेच असते, तर त्याच्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी आत्ताच्या ४.७ पट लहान असती. “बाकी सर्व काही तेच” हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रमाण त्रुटी आणखी तीन गोष्टींवर ठरते : मॉडेलची उरलेली चूक, नोंदींची संख्या आणि त्या घटकाचा स्वतःचा पसारा. व्हीआयएफ मोठा असूनही नोंदी हजारो असतील तर सहगुणक पुरेसा नेमका मिळू शकतो. आणि व्हीआयएफ १ असूनही वीस नोंदींत तो निरुपयोगी ठरू शकतो. म्हणूनच “५ च्या वर धोका, १० च्या वर काढून टाका” हे सर्वत्र घोकले जाणारे आकडे केवळ ठोकताळे आहेत. ते कुठे लक्ष द्यावे हे दाखवतात, काय करावे हे ठरवत नाहीत.

सहसंबंधांचा तक्ता पाहून हेच कळले नसते का, असा प्रश्न कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने विचारला. या प्रकरणात बरेचसे कळले असते, कारण कार्पेट आणि सेलेबल यांचा सहसंबंध ०.९७ होता आणि केवळ तेवढ्यावरूनही व्हीआयएफ १६.९ येतो. पण कार्पेटचा आकडा १६.९ वरून २२ वर गेला तो मुख्यतः बेडरूममुळे, आणि सेलेबलचा वाढला त्यात इमारतीच्या वयाचा हात होता. नव्या इमारतींत लोडिंग अधिक असल्याने वय कळले की सेलेबलबद्दल थोडे अधिक कळते. तीन-चार घटक मिळून एखाद्याला बांधून टाकतात आणि जोडीजोडीने पाहिल्यास कोणताच सहसंबंध मोठा दिसत नाही, अशीही उदाहरणे असतात. तक्ता तिथे आंधळा असतो.

पायथॉनमध्ये हे काम करताना एक चूक वारंवार घडते. statsmodels मधील व्हीआयएफचे फंक्शन स्थिर पद आपणहून घालत नाही. ते घातले नाही तर दुय्यम रिग्रेशन शून्यातून जायला भाग पाडले जाते, आणि ज्या घटकाची सरासरी त्याच्या पसाऱ्याच्या मानाने मोठी आहे, त्याचा व्हीआयएफ विनाकारण फुगतो. स्टेशनपासूनच्या अंतरासारख्या निरुपद्रवी घटकाचाही आकडा मोठा दिसला, तर आधी हीच शंका घ्यावी.

```python
import statsmodels.api as sm
from statsmodels.stats.outliers_influence import (
    variance_inflation_factor as vif)

X = sm.add_constant(df[["carpet", "saleable", "bhk", "age", "dist"]])
for i in range(1, X.shape[1]):
    print(X.columns[i], round(vif(X.values, i), 1))
```

उपाय : आधी प्रश्न कोणता, हे ठरवणे

कार्यालयाला फक्त फ्लॅटची किंमत वर्तवायची असती, आणि पुढे येणारे फ्लॅटही याच पट्ट्यातले, म्हणजे साधारण ४२ टक्के लोडिंगचे असते, तर काहीच करण्याची गरज नव्हती. मल्टिकोलिनिॲरिटीमुळे सहगुणकांची वाटणी डळमळते, पट्ट्याच्या आतले अंदाज नाही. वर पाहिलेली १७,००० ची स्थिर बेरीज हेच दाखवते. मात्र मूल्यांकनकाराला सहगुणकच हवा असतो. तुलनेतला फ्लॅट चाळीस फुटांनी मोठा असेल तर किती रुपये वजा करायचे, हे अहवालात लिहून त्याखाली सही करावी लागते. शिवाय दुसरा प्रश्नही खरा होता : कार्पेट तेवढेच असताना लोडिंग जास्त असेल, तर ठाण्यातला ग्राहक कमी पैसे देतो का?

बेरजेचा आकडा काढून मोकळे होणे शक्य होते. पण त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे घटकांची मांडणीच बदलणे. सेलेबल एरिया काढून त्याच्या जागी लोडिंगची टक्केवारी घातली. माहिती तीच, कारण कार्पेट आणि लोडिंग कळले की सेलेबल कळतोच. पण आता एक घटक “फ्लॅट किती मोठा” हे सांगतो आणि दुसरा “कागदावर तो किती फुगवला आहे” हे सांगतो. या दोन गोष्टी एकमेकांना फारशा बांधलेल्या नाहीत. नव्या मांडणीत कार्पेटचा व्हीआयएफ २२ वरून ४.७ वर आणि लोडिंगचा १.३ वर आला. कार्पेटचा सहगुणक १७,००० रुपये झाला, प्रमाण त्रुटी २,९८० वरून १,३८० वर उतरली, आणि अंतराल साधारण १४,३०० ते १९,७०० रुपये झाला.

इथे एका गैरसमजापासून सावध राहायला हवे. व्हीआयएफ १९ वरून १.३ वर आला, म्हणून लोडिंगबद्दलचे ज्ञान वाढले का? नाही. लोडिंगचा सहगुणक टक्क्यामागे उणे १९,२०० रुपये आला आणि त्याची प्रमाण त्रुटी १२,८०० होती. गुणोत्तर उणे १.५. पहिल्या मॉडेलमध्ये सेलेबलचे हेच गुणोत्तर उणे १.६ होते. सरासरी ६२० फूट कार्पेटच्या फ्लॅटमध्ये एक टक्का लोडिंग म्हणजे ६.२ फूट सेलेबल, आणि ६.२ गुणिले ३,१०० म्हणजे त्याच १९,२०० च्या आसपास. आडव्या दिशेतील माहिती जेवढी थोडी होती तेवढीच राहिली. सुधारला तो कार्पेटचा सहगुणक, आणि तोही त्याचा अर्थ बदलल्यामुळे. पूर्वी तो “सेलेबल न बदलता कार्पेट एक फूट वाढले तर” असे विचारत होता. घोडबंदर रोडवर असे फ्लॅट जवळजवळ नाहीतच. आता तो “लोडिंग न बदलता कार्पेट एक फूट वाढले तर” असे विचारतो, आणि असे फ्लॅट भरपूर आहेत. तसेच पहिल्या मॉडेलमधले उणे चिन्हही आता परके राहिले नाही. कार्पेट स्थिर धरून सेलेबल वाढवणे म्हणजे लोडिंग वाढवणेच होते, आणि त्यासाठी ग्राहकाने कमी पैसे मोजणे अगदी समजण्यासारखे आहे. हे मॅडमना दाखवले तेव्हा त्यांनी लगेच त्याच संकुलाचे नाव घेऊन सांगितले की तिथे पुनर्विक्रीला भाव मिळवताना विक्रेत्यांना त्रास होतोच.

चालीत असलेले इतर उपायही आम्ही विचारात घेतले. प्रत्येक घटकातून त्याची सरासरी वजा करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. एखादा घटक आणि त्याचाच वर्ग मॉडेलमध्ये असतील तिथे तो कामाचा आहे, पण कार्पेट आणि सेलेबल यांचा सहसंबंध सरासरी वजा केल्याने तसूभरही बदलत नाही. १९७० मध्ये होर्ल आणि केनार्ड यांनी मांडलेले रिज रिग्रेशन सहगुणकांना शून्याकडे ओढून त्यांची डळमळ कमी करते. निव्वळ अंदाजासाठी मी ते आनंदाने वापरतो. पण त्या बदल्यात सहगुणकात थोडा कल मुद्दाम आणला जातो आणि सरळ विश्वास-अंतराल मिळत नाही; बँकेपुढे सही करून द्यायच्या आकड्यासाठी ते मला योग्य वाटले नाही.

बेडरूमच्या बाबतीत मात्र मोह मोठा होता. तिचा व्हीआयएफ ४.५, सहगुणक ३ लाख आणि प्रमाण त्रुटी ३.४ लाख, म्हणजे “निरर्थक” दिसणारा घटक. तो काढला की कार्पेटचा व्हीआयएफ १ च्या जवळ येतो आणि त्याची प्रमाण त्रुटी सातशे रुपयांच्याही खाली जाते. आम्ही काढून पाहिला. कार्पेटचा सहगुणक १७,००० वरून १८,०५० झाला. वरचे हजार रुपये आले कुठून? मोठ्या फ्लॅटमध्ये बेडरूमही जास्त असतात, आणि त्या बेडरूमची किंमत आता कार्पेटच्या खात्यात जमा झाली. दोन्ही टू बीएचके असलेल्या फ्लॅटची तुलना करताना हा आकडा वापरला, तर न वाढलेल्या बेडरूमचे पैसे आपण दर फुटामागे आकारू. नेमका दिसणारा पण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देणारा आकडा रुंद अंतरालापेक्षा अधिक घातक असतो. बेडरूम मॉडेलमध्ये ठेवली.

उरला लोडिंगचा प्रश्न. तिथे गणिती युक्ती संपली होती आणि नव्या नोंदींशिवाय उपाय नव्हता. पण कोणत्याही नोंदी चालणार नव्हत्या. नौपाड्यातील जुन्या, कमी लोडिंगच्या इमारती आणून टाकल्या असत्या तर लोडिंगचा पसारा वाढला असता, परंतु तिथे कमी लोडिंग आणि जास्त वय हातात हात घालून येतात. एक गाठ सोडवून दुसरी बसली असती. म्हणून कार्यालयाने त्याच रस्त्यावरील, साधारण एकाच वयाच्या पण लोडिंगमध्ये फरक असलेल्या इमारतींतले आणखी ४० व्यवहार करारनामे तपासून मिळवले. १३० नोंदींवर लोडिंगचा सहगुणक टक्क्यामागे उणे १७,५०० रुपये आला, प्रमाण त्रुटी ८,३०० आणि व्हीआयएफ १.२. अंतराल उणे ३३,९०० ते उणे १,१०० असा होता : दिशा आता स्पष्ट, परिमाण अजून ढोबळ.

कार्यालयाच्या तुलना-पत्रकात त्याप्रमाणे दुरुस्त्या झाल्या. क्षेत्रफळातील फरकासाठी कार्पेटच्या दर चौरस फुटाला १७,००० रुपये धरले जातात, आणि अंतराल शेजारीच लिहिला जातो. लोडिंगसाठीची वजावट १० टक्क्यांहून अधिक फरक असेल तरच केली जाते आणि तिथे मूल्यांकनकाराने कारण लिहायचे असते. बेडरूमचा सहगुणक वापरायचा नाही, असे ठरले. त्याऐवजी तुलनेसाठी तेवढ्याच बेडरूमचे फ्लॅट निवडायचे, आणि तसे न मिळाल्यास अहवालात ते स्पष्ट नमूद करायचे.